लीड शीटवरचे 7, maj7 आणि sus कॉर्ड कसे वाचायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा सीझन लागतो आणि वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडच्या कीबोर्डवाल्या पोरांचे प्रश्न यायला लागतात. भजनी मंडळातले पेटीवाले तं वर्षभर विचारत असतात. कान सगळ्यांचे तयार आहेत, गाणं एकदा ऐकलं की बोटं बरोबर पडतात, पण मोबाईलवर कोणी गाण्याच्या शब्दांवर C, Am7, Gsus4 असं लिहून पाठवलं की तिथं गाडी अडते. म्हणून नेहमी येणारे प्रश्न एका ठिकाणी लिहून ठेवतोय. सा रे ग म तुम्हाला येतंच, त्यामुळे सगळं त्याच भाषेत सांगतो. उदाहरणं सगळी पांढरी एक म्हणजे सी पट्टीतली आहेत, दुसऱ्या पट्टीचं जिथं आहे तिथं तसं लिहिलंय.

भाऊ, लीड शीट म्हणजे नक्की काय? त्यात बोटं कुठं ठेवायची ते तं लिहिलेलंच नसते.

नसतेच, आणि ते मुद्दाम नसते. पूर्ण लीड शीटवर तीन गोष्टी असतात: गाण्याची चाल, शब्द आणि वर कॉर्डची चिन्हं. आपल्याकडे फिरतात त्या कागदांवर बहुतेक वेळा चालही नसते, नुसते शब्द आणि वर चिन्हं. चिन्ह तुम्हाला एवढंच सांगतं की या जागी कोणकोणते सूर वाजले पाहिजेत. ते खर्जात वाजवायचे का तारेत, एकदम दाबायचे का एकेक सोडायचे, कोणता सूर दोनदा घ्यायचा, हे सगळं वाजवणाऱ्यावर सोडलेलं असतं. त्यामुळे एकाच कागदावरून दोन माणसं वेगळं वाजवतील आणि दोघंही बरोबर असतील.

नुसता C आणि Cm वाचता येते. पुढचं कसं वाचायचं?

मोठं अक्षर हा त्या कॉर्डचा स्वतःचा सा. त्याच्या मागं काहीच नसलं तर सा, शुद्ध ग, प. बारीक m असला तर सा, कोमल ग, प. अक्षरालाच चिकटून शार्प किंवा फ्लॅटची खूण असली, जसं Bb किंवा F#, तर ती त्या सा ची खूण आहे, मागच्या आकड्याशी तिचा काही संबंध नाही. Bb7 म्हणजे बी फ्लॅटला सा माना आणि मग त्याचा 7 बघा.

यातलं एक वाक्य पाठ करून ठेवा, कारण पुढची सगळी उत्तरं त्यावर उभी आहेत: प्रत्येक कॉर्डचा सा वेगळा असतो, मोजणी तिथूनच सुरू करायची. गाण्याचा सा पांढरी एक असला तरी G कॉर्ड वाचताना घटकाभर जी हाच सा.

C7 मधला 7 म्हणजे सातवा सूर, म्हणजे नी. मग मी शुद्ध नी वाजवतो तं बेसूर काहून वाटते?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे. नुसता 7 लिहिला असेल तर तो नेहमी कोमल नी असतो. C7 म्हणजे सी, ई, जी, बी फ्लॅट. शुद्ध नी हवा असेल तर लिहिणारा maj हा शब्द घालतो, ते पुढच्या प्रश्नात बघू.

कोमल नी शोधायची सोपी रीत अशी की वरच्या सा पासून काळे-पांढरे सगळे सूर धरून दोन पायऱ्या खाली या. सी पासून दोन खाली बी फ्लॅट. जी पासून दोन खाली एफ, म्हणून G7 म्हणजे जी, बी, डी, एफ. डी पासून दोन खाली सी, म्हणून D7 म्हणजे डी, एफ शार्प, ए, सी.

घोळ होतो तो G7 वर. पेटीवाल्याच्या डोक्यात गाण्याचा सा पक्का बसलेला असतो, मग तो म्हणतो 7 म्हणजे नी, आणि गाण्याचा नी म्हणजे बी शोधतो, आणि बघतो तर बी त्या कॉर्डमध्ये आधीच आहे, मग वाढवायचं काय? वाढवायचा आहे जी चा कोमल नी, म्हणजे एफ, आणि हा एफ गाण्याच्या हिशेबानं शुद्ध म आहे. एकदा हे लक्षात आलं की G7 नंतर C यायला कान का आसुसतो तेही कळतं: गाण्याचा नी वर सा कडे जायला बघतो आणि म खाली ग कडे, दोन्ही सूर एकाच वेळी आपापल्या घरी पोचतात.

पांढरी एकच्याच गाण्यात मधेच C7 दिसला तर बहुतेक वेळा पुढं F येणार असतो. तिथं बी फ्लॅट हळूच ए वर उतरतो, ते एकदा सावकाश वाजवून ऐका.

Cmaj7, CM7, C△7 आणि Cm7 हे सगळे वेगळे की एकच?

पहिले तीन एकच. सी, ई, जी आणि शुद्ध नी म्हणजे बी. त्रिकोण कधी 7 सोबत असतो कधी एकटा, अर्थ तोच. शुद्ध नी वरच्या सा च्या अगदी शेजारी, एकच पायरी खाली.

Cm7 मात्र वेगळाच आहे: सी, ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट. म्हणजे ग पण कोमल, नी पण कोमल. कुठं कुठं तो C-7 असा आडवी रेघ मारून लिहितात, ती रेघ म्हणजे मायनर.

खरा त्रास हातानं लिहिलेल्या कागदावर होतो. मोठा M आणि बारीक m, त्यातून वहीचा फोटो, तो चार ग्रुपमधून फिरून आलेला, काय दिसणार? अशा वेळी ग वरून ओळखा. त्या जागी गाणारा कोणता ग म्हणतोय ते ऐका, शुद्ध असला तर m असूच शकत नाही. गाणारा ग म्हणतच नसेल तर आजूबाजूची चिन्हं बघा. पांढरी एकच्या साध्या मेजर गाण्यात C आणि F च्या मागं maj7 येतो, D, E आणि A च्या मागं m7 येतो आणि G च्या मागं नुसता 7. याच्या बाहेरचं काही दिसलं तर ते चूकच असेल असं नाही, पण तिथं थांबून कानानं खात्री करून घ्यायची.

Am(maj7) असं एक चिन्हही क्वचित दिसतं, ग कोमल पण नी शुद्ध: ए, सी, ई, जी शार्प. Am नंतर Am(maj7) नंतर Am7 अशी ओळ असली की आतला एक सूर ए, जी शार्प, जी असा उतरत येतो, तेवढ्यासाठीच ते लिहिलेलं असतं.

sus4 म्हणजे काय? मी G मध्ये चौथा सूर जास्तीचा दाबला तं कचकच आवाज आला.

जास्तीचा दाबायचा नाही, बदली दाबायचा. sus4 मध्ये ग काढून टाकायचा आणि त्याच्या जागी शुद्ध म ठेवायचा. Gsus4 म्हणजे जी, सी, डी. बी नाही. बी आणि सी दोन्ही दाबले की दोन शेजारचे सूर एकमेकांवर घासतात, तीच ती कचकच.

ग गेला की कॉर्ड मेजर आहे का मायनर हे कळायचा मार्गच बंद होतो, कारण ते ठरवणारा सूर ग हाच होता. म्हणून Gmsus4 असं चिन्ह कुठं दिसत नाही, आणि दिसलं तर लिहिणाऱ्याला वेगळं काही सांगायचं होतं असं समजा.

आकडा न लिहिता नुसतं Gsus लिहिलं असेल तर sus4 च वाजवायचा. काही कागदांवर G4 लिहिलेलं असतं, तेही तेच.

sus4 नंतर लगेच तोच साधा कॉर्ड लिहिलेला असते. एकच वाजवला तं नाही चालत का?

चालत नाही असं नाही, पण मग ज्यासाठी ते लिहिलं तेच निघून जातं. sus4 मधला म आधीच्या कॉर्डमधून लटकत राहिलेला असतो आणि त्याला ग वर उतरायचं असतं. Gsus4 मग G म्हणजे सी खाली बी वर येतो, बाकी जी आणि डी हलतच नाहीत. युरोपातल्या जुन्या चर्च संगीतात हीच चाल कित्येक शतकं वापरात आहे, तिथं आधीच्या कॉर्डचा सूर धरून ठेवायचा, नव्या कॉर्डवर तो टोचू द्यायचा आणि मग सोडायचा अशी रीत होती. आजच्या गाण्यात तो सोडलाच पाहिजे असं बंधन राहिलं नाही, sus वरच अख्खी ओळ काढणारे लोक आहेत, पण कागदावर sus4 च्या शेजारी साधा कॉर्ड असेल तर तो सोडायलाच लिहिलाय.

कधी सोडायचा? एकाच खान्यात दोन चिन्हं असतील आणि बाकी काही खूण नसेल तर खाना अर्धा-अर्धा वाटून घ्या. केहरव्याच्या आठ मात्रांत चार मात्रा sus आणि चार मात्रा साधा, दादऱ्यात तीन-तीन. उतरणारं बोट एकच ठेवा, अख्खा हात उचलून पुन्हा मारू नका, मग ते उतरणं ऐकू येतं.

G7sus4 मध्ये 7 पण आहे न sus पण. पहिले काय वाचू?

दोन्ही सूचना एकमेकांच्या आड येत नाहीत. 7 सांगतो कोमल नी घाला, sus4 सांगतो ग काढून म ठेवा. जी, सी, डी, एफ. कोणी G7sus लिहितो, कोणी Gsus7 लिहितो, सूर तेच.

याच्यानंतर बहुतेक वेळा G7 येतो, आणि तिथं पण सी खाली बी वर येतो, एफ जागेवरच राहतो. G9sus4 दिसला तर त्यात आणखी रे म्हणजे ए वाढवायचा, त्याची सोपी रीत खाली F/G च्या प्रश्नात आहे.

sus2, add9 आणि नुसता 2, यात फरक काय व्हय?

sus2 मध्ये ग जातो आणि त्याच्या जागी रे येतो. Csus2 म्हणजे सी, डी, जी. Cadd9 मध्ये ग राहतो आणि रे वरून घालायचा: सी, ई, जी आणि वरचा डी. C9 मध्ये ग पण आहे, रे पण आहे आणि कोमल नी पण आहे, म्हणजे तो C7 च्याच घरातला. नुसतं C2 लिहिलेलं असेल तर भरवसा नाही, कोणी sus2 म्हणून लिहितो कोणी add9 म्हणून, तिथं सी, डी, जी एवढंच वाजवा, दोन्हीकडं खपून जातं.

एखादी अख्खी ओळ घेऊन बोटं सांगा ना.

ही घ्या, पांढरी एकमधली, भजनात आणि सिनेमाच्या गाण्यात दोन्हीकडं सापडेल अशी चाल:

```
| C | Am7 | Dm7 | G7sus4  G7 | C |
```

डाव्या हातानं फक्त प्रत्येक कॉर्डचा सा, म्हणजे सी, ए, डी, जी, जी, सी. उजव्या हाताचं सगळं मजेदार आहे.

C वर उजवा हात सी, ई, जी. आता Am7 म्हणजे ए, सी, ई, जी. ए डाव्या हातानं दाबलाच आहे, मग उजव्या हाताला सी, ई, जी च उरले. म्हणजे उजवा हात हलवायचाच नाही! मायनर सेव्हन्थ नवीन पोरांना अवघड वाटतो तो इथं काही न करता मिळाला.

Dm7 म्हणजे डी, एफ, ए, सी. डी खाली गेला, उजवीकडं सी, एफ, ए. सी तसाच, ई एक पायरी वर एफ वर, जी वर ए वर. G7sus4 साठी उजवीकडं सी, एफ, जी. फक्त ए खाली जी वर आला. यात डी सोडून दिलाय, तो या कॉर्डचा प आहे आणि प सोडला तरी ओळख जात नाही. मग G7: सी खाली बी वर, झालं बी, एफ, जी. आणि शेवटी C: बी परत सी वर, एफ खाली ई वर, जी जागेवर. हात जिथून निघाला तिथंच परत आला, आणि अख्ख्या ओळीत उजव्या हाताचं कोणतंही बोट शेजारच्या पांढऱ्या सुराच्या पुढं गेलं नाही.

हीच ओळ चिन्ह दिसलं की पूर्ण कॉर्ड उचलून नव्या जागी ठेवत वाजवून बघा, मग पुन्हा अशी वाजवा. सूर जवळपास तेच आहेत, ऐकायला मात्र दुसरीच कडं गाडी चाललीय असं वाटेल. sus4 चं काम ऐकायचं असेल तर ते या दुसऱ्या पद्धतीनंच ऐकू येतं.

आमचे बुवा काळी दोनवर गातात. कागद पांढरी एकचा आहे. ट्रान्सपोजचं बटण पेटीवर तं नाही.

फक्त अक्षर बदला, मागचं शेपूट जसंच्या तसं ठेवा. पांढरी एक ते काळी दोन म्हणजे तीन पायऱ्या वर, तर प्रत्येक अक्षर तीन पायऱ्या वर न्या. वरचीच ओळ अशी होते:

```
| Eb | Cm7 | Fm7 | Bb7sus4  Bb7 | Eb |
```

काळी दोनला कोणी D# म्हणतो, सूर तोच, पण या पट्टीतले कॉर्ड लिहिताना Eb लिहिलं तर पुढची नावं सुटसुटीत येतात. Bb7sus4 म्हणजे काळी पाचला सा मानायचं: बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ, ए फ्लॅट. सोडताना ई फ्लॅट खाली डी वर येतो. शेपूट कधीच बदलत नाही, m7 चा 7 झाला किंवा sus गायब झाला तर समजा की पट्टी बदलताना कुठंतरी निसटलं.

पेटीवर एकच हात मोकळा असते, एक हात भात्यावर. चार सुरांचा कॉर्ड कसा वाजवू?

तीन सूर निवडायचे आणि प सोडायचा. चिन्ह ज्या सुरासाठी लिहिलंय तो सोडायचा नाही. G7 असेल तर जी, बी, एफ. G7sus4 असेल तर जी, सी, एफ. Am7 असेल तर ए, सी, जी. Cmaj7 असेल तर सी, ई, बी, फक्त वरचा सी त्यात घालू नका, बी च्या शेजारी तो टोचतो.

पेटीवर सूर दाबून धरला की सारख्याच जोरानं वाजत राहतो, गिटारसारखा विरत नाही. त्यामुळे sus4 पेटीवर जास्त उठून दिसतो आणि 7 चा सूर चालीला दाबून टाकायची भीती पण असते. गाणारा वर असेल तर कॉर्ड मध्य सप्तकाच्या खालच्या अंगाला घ्या. फार खर्जात चार सूर एकत्र दाबले तर नुसती घरघर ऐकू येते.

कीबोर्डवर ऑटो रिदम लावून एका बोटानं कॉर्ड धरतो. sus येतच नाही, मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे. एका-दोन बोटांच्या सोप्या मोडमध्ये मेजर, मायनर, 7 आणि m7 एवढंच बसवलेलं असतं. यामाहाच्या सिंगल फिंगरमध्ये मूळ सुरासोबत त्याच्या डावीकडचा पांढरा दाबला की 7, काळा दाबला की मायनर, दोन्ही दाबले की m7. कॅसिओच्या कॅसिओ कॉर्डमध्ये उजवीकडचे सूर वाढवत न्यायचे, दोन दाबले की मायनर, तीन दाबले की 7, चार दाबले की m7. sus4 आणि maj7 यातून निघत नाहीत, त्याला फिंगर्ड मोड लावून खरे सूर दाबावे लागतात.

फिंगर्डमध्ये पण एक गोष्ट होते. Gsus2 म्हणजे जी, ए, डी दाबलं आणि स्क्रीनवर Dsus4 दिसलं तर घाबरू नका. Dsus4 म्हणजे डी, जी, ए, म्हणजे तेच तीन सूर. मशीनला कळत नाही तुमच्या मनात सा कोणता आहे. Am7 आणि C6 चं पण असंच आहे. फरक फक्त खाली बेस कोणता वाजतो याचा, आणि मशीननं डी चा बेस धरला तर कॉर्ड खरंच बदलला असं समजा. मग ऑटो बेस बंद करून डाव्या हातानं जी स्वतः धरायचा.

एखादा कॉर्ड जमलाच नाही तं आकडा सोडून साधा वाजवला तं चालते का?

7 आणि maj7 चा जास्तीचा सूर गाळला तर बहुतेक चालतं. G7 च्या जागी G, Cmaj7 च्या जागी C, Am7 च्या जागी Am. रंग कमी होतो, बेसूर होत नाही. पण Cmaj7 च्या जागी C7 कधीच नाही, शुद्ध नी च्या जागी कोमल नी आला की चालच दुसरीकडं ओढली जाते.

sus4 चं वेगळं आहे. तो काढून साधा G धरला तर गाणारा त्याच वेळी सी वर थांबलेला असू शकतो आणि तुम्ही खाली बी धरलेला, म्हणजे परत तीच कचकच, यावेळी गाणाऱ्यासोबत. शंका असेल तर ग वाजवूच नका, फक्त जी आणि डी धरा. सा आणि प कोणाच्याच आड येत नाहीत.

F/G असं मधे रेघ मारून लिहिलेलं असते, दोन्हीपैकी कोणता वाजवायचा?

दोन्ही. रेघेच्या आधीचा कॉर्ड उजव्या हातानं, रेघेच्या नंतरचा एकटा सूर खाली बेसला. F/G म्हणजे खाली जी, वर एफ, ए, सी. आता हे सूर जी च्या हिशेबानं मोजा: सा, कोमल नी, रे, म. ग नाहीच. म्हणजे हा G9sus4 च झाला, फक्त प सोडलेला. म्हणून कुठं G9sus4 दिसला आणि बोटं गोंधळली की खाली जी धरा आणि वर सरळ F वाजवा.

भजन भूप किंवा यमनच्या अंगाचं असलं न कागदावर G7 असला, तं तो वाजवावा का?

इथं कागदापेक्षा कानाचं ऐकायचं. लीड शीट लिहिणाऱ्यानं बऱ्याचदा चालीखाली नेहमीचे तीन-चार कॉर्ड बसवलेले असतात, रागाचा विचार त्यात नसतो.

भूपात सा रे ग प ध एवढेच सूर. G7 मध्ये बी आणि एफ आहेत, म्हणजे गाण्याचे नी आणि म, दोन्ही भूपात वर्ज्य. वाजवलं की भूप विस्कटतो. पण Gsus4 बघा: जी, सी, डी म्हणजे प, सा, रे. तिन्ही सूर भूपातले! Gsus2 म्हणजे प, ध, रे, तेही भूपातले. Csus2 म्हणजे सा, रे, प. Am7 म्हणजे ध, सा, ग, प. म्हणजे ज्या sus कॉर्डला पोरं भितात तेच भूपाच्या भजनाला सगळ्यात चपखल बसतात, आणि इथं G वरचे sus सोडायचे पण नाहीत, कारण सोडलं की नी येतो. मला विचाराल तर भूपाच्या भजनात G7 खोडून Gsus4 लिहून ठेवा.

यमनात म तीव्र, म्हणजे एफ शार्प. G7 मधला एफ त्याला सरळ छेद देतो. तिथं साधा G किंवा Gmaj7 घ्या, त्यात एफ शार्प आहे. D7 यमनात छान बसतो: रे, तीव्र म, ध, सा.

शेवटच्या भैरवीत Cm7 चालतो. G7 जपून, त्यात शुद्ध नी आणि शुद्ध रे आहेत, भैरवीत दोन्ही कोमल. त्याऐवजी Bbm7 लावून बघा: कोमल नी, कोमल रे, म, कोमल ध. गाणारा भैरवीत शुद्ध रे पण लावणारा असेल तर तो कुठं लावतो ते आधी विचारून घ्या.

Bm7b5, Bø, Bdim7 हे काय आहे?

Bm7b5 आणि Bø एकच: बी, डी, एफ, ए. म्हणजे Bm7 चा प एक पायरी खाली आणलेला. Bdim7 मध्ये नी आणखी एक पायरी खाली येतो: बी, डी, एफ, ए फ्लॅट. तो B°7 असाही लिहितात. पहिल्यात गोलाला रेघ आहे, दुसऱ्यात नाही, फोटोत ती रेघ पुसली जाते, तेवढं बघून घ्या.

चिन्ह बरोबर वाजवलं, सूर पण बरोबर, तरी sus4 गाणाऱ्याशी भांडतो. असं काहून?

चिन्ह बरोबर आहे, जागा चुकलेली आहे. मोबाईलवर शब्दांच्या वर कॉर्ड टाइप केलेले असतात ते मधल्या मोकळ्या जागांवर अवलंबून असतात. एका फोनवरून दुसऱ्या फोनवर मेसेज गेला, फॉन्ट बदलला, ओळ तुटून खाली आली की कॉर्ड एक-दोन शब्द सरकतो. साधा कॉर्ड सरकला तर पटकन कळत नाही, sus4 सरकला की लगेच टोचतो.

ओळखायचं असं. ती ओळ टाळी देत म्हणा आणि चिन्ह कोणत्या मात्रेवर पडतं ते बघा. कॉर्ड बहुतेक समेवर नाहीतर खालीवर बदलतो, अधल्या-मधल्या मात्रेवर पडत असेल तर संशय घ्या. मग त्या शब्दावर गाणारा कोणता सूर लावतोय ते पेटीवर शोधा. Gsus4 खाली गाणारा बी वर असेल तर तिथं G असायला हवा आणि sus4 त्याच्या आधीच्या शब्दावर, जिथं तो सी वर आहे. जागा सापडली की कागदावर चिन्हाखाली मात्रेचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कोणाच्या फोनवरून वाचलं तरी फरक पडत नाही.